सकाळी सहा वाजून दहा मिनिटांचं फूल: एका कौटुंबिक ग्रुपचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात ३४ जण आहेत. चार भावंडं, त्यांची मुलं-सुना-जावई, त्यांचीही मुलं आणि आणखी काही नातेवाईक. सगळ्यांत थोरली आत्या ७१ वर्षांची, सगळ्यांत धाकटा माझा भाचा २२ वर्षांचा. मी मधल्या पिढीतली आणि ग्रुपची अ‍ॅडमिन. नावं मी वगळली आहेत आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

आत्या रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे ग्रुपवर एक फूल पाठवते. कधी दव पडलेला गुलाब, कधी जास्वंद, कधी तळ्यातलं कमळ. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘शुभ सकाळ’ आणि खाली एखादी ओळ. तिच्यामागोमाग काका, काकू, दोन वहिनी, एक मावससासू अशी आणखी पाच-सहा फुलं येतात. त्यांखाली हात जोडल्याच्या खुणा येतात आणि साडेसातपर्यंत हा ओघ थांबतो. मग दिवसभर ग्रुप जवळजवळ शांत असतो.

धाकट्या पिढीचा म्हणजे भावंडांचा वेगळा ग्रुप आहे. त्यात मोठं कुणी नाही. मी त्यात आहे, कारण तो सुरू झाला तेव्हा मी त्यांच्यात मोडत होते आणि पुढे मला कुणी काढलं नाही. दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडत होतं, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं आणि त्यातल्या काही चुकाही माझ्याच आहेत.

अडचण

सुरुवात फुलांवरून झालीच नाही. धाकट्या काकांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ दुपारी चारची होती, ती बदलून सकाळी अकराची झाली. काकूने रात्री पावणेदहाला ग्रुपवर तसं लिहिलं. काकांना घेऊन जाणार होता माझा चुलतभाऊ. त्याने हा ग्रुप वर्षभरापूर्वीच कायमचा म्यूट केला होता. सकाळी त्याने ग्रुप उघडला, न वाचलेले २३ निरोप दिसले, वरच्या वर फुलंच फुलं. त्याने बोट सरकवत सरळ तळ गाठला आणि फोन खिशात टाकला. काका साडेदहापासून खाली येऊन उभे होते. वेळ हुकली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

त्या रात्री दोन बाजू पडल्या. मोठ्यांचं म्हणणं, ‘म्यूट कशाला करायचं? आपल्याच माणसांचा ग्रुप आहे.’ धाकट्यांचं म्हणणं, ‘रोज वीस फुलांत एक कामाचा निरोप असेल तर तो सापडणार कसा?’ भाच्याने नियम सुचवला, की या ग्रुपवर फॉरवर्ड बंद. मी तेव्हा त्याच्याशी सहमत होते. आकडे दाखवले की मोठ्यांना पटेल असं मला वाटलं, म्हणून मी एक महिन्याचा चॅट एक्स्पोर्ट केला आणि मोजायला बसले. चित्रं न घेता एक्स्पोर्ट केलं की मजकुराची फाइल मिळते आणि प्रत्येक चित्राच्या जागी अशी ओळ येते:

```
<Media omitted>
```

अशा ओळी दोनशेच्या वर निघाल्या. मला वाटलं, मुद्दा सिद्ध झाला. पण ती ओळ फुलासाठी येते तशीच स्टिकरसाठी, वाढदिवसाच्या व्हिडिओसाठी आणि बाळाच्या फोटोसाठीही येते. म्हणून मग नमुन्यादाखल तीन दिवस हाताने तपासले. सकाळच्या ओळी मोठ्यांच्या फुलांच्या होत्या, पण रात्रीच्या ओळींत आमच्या पिढीची स्टिकर भरपूर होती. काकूचा निरोप ज्या २३ निरोपांखाली गाडला गेला, त्यांतली नऊ आदल्या रात्रीची स्टिकर होती आणि ती आम्हीच टाकली होती. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

चुकून आलेलं चित्र

नियमाची चर्चा अर्धवट असतानाच, पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी मुख्य ग्रुपवर एक चित्र आलं. मान टाकलेलं, सुकलेलं कुंडीतलं रोप. त्यावर हुबेहूब त्याच सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, ‘शुभ सकाळ. हे फूल ३४ जणांना पाठवा, नाहीतर ते असंच होईल.’ बनवलं होतं भाच्याने, भावंडांच्या ग्रुपसाठी. माझ्या एका मामेबहिणीने ते पुढे पाठवताना चुकीच्या ग्रुपवर बोट दाबलं.

सात मिनिटांनी तिने ते सगळ्यांसाठी पुसलं. पण पुसल्यावरही ‘हा निरोप पुसला आहे’ अशा अर्थाची खूण राहतेच, आणि पाठवणाऱ्याला पुसण्याआधी किती जणांनी पाहिलं ते बघता येतं. अकरा जणांनी पाहिलं होतं, त्यांत आत्या होती. बहिणीने लगेच लिहिलं, ‘सॉरी, चुकून आलं.’

या दोन शब्दांनी चित्रापेक्षा जास्त दुखावलं, हे मला नंतर आत्याशी बोलताना कळलं. चित्र थट्टेचं होतं. आत्या थट्टेला बिचकणारी बाई नाही. पण ‘चुकून आलं’ याचा अर्थ असा, की ते मुद्दाम पाठवण्याची दुसरी जागा कुठेतरी आहे आणि तिथे आपल्याला घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी काहीच आलं नाही. काकांचं फूल आलं, एका वहिनीचं आलं. आठवडाभरात तीही थांबली. ग्रुप दिवसच्या दिवस रिकामा राहू लागला. भावंडांच्या ग्रुपवर पहिले दोन दिवस ‘शांतता लाभली’ असं चाललं होतं, तिसऱ्या दिवशी त्यावरही कुणी काही बोलेना.

आत्याच्या फोनसमोर एक दुपार

फुलं थांबल्याच्या बाराव्या दिवशी मी आत्याकडे गेले. समजूत घालायला गेले होते, पण गेल्या गेल्या तिने फोनच पुढे केला, ‘हा बघ, काही उतरतच नाही यात. जागा नाही म्हणतो.’ तासभर आम्ही तो फोन बघितला आणि त्या तासात मला फुलांबद्दल जे कळलं ते आधी इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

आत्या चित्र बनवत नाही, नेटवर शोधतही नाही. तिला ती शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवरून आणि पूर्वीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून येतात. पहाटे आलेल्या आठ-दहांतून ती एक निवडते. निवड खरोखर करते. देवाचं चित्र असेल तर बाजूला ठेवते, कारण आमच्या एका सुनेच्या घरचा धर्म वेगळा आहे. नेत्यांचं काही असेल तर लगेच पुसते. लहान मुलांचे फोटो नको, ‘कुणाचं पोर कुणास ठाऊक.’ मग उरतं फूल. फुलावर कुणाचा आक्षेप नसतो, ते कुणाच्या पक्षाचं नसतं, ते बघून कुणाला आपलं काही उणं आहे असं वाटत नाही. हीच चित्रं सगळ्यांत जास्त का फिरतात याचं मला पटलेलं कारण हे आहे: बाकीची चित्रं वाटेत कुठे ना कुठे गळतात आणि फूल कुठेच अडत नाही.

दुसरं कारण हातांत आहे. आत्याला चष्म्यानेही कीबोर्डवरची अक्षरं नीट लागत नाहीत. ‘शुभ सकाळ, कशी आहेस?’ एवढं मराठीत टाइप करायला तिला दोनेक मिनिटं लागतात, आणि ती सकाळी १४ जणांना स्वतंत्रपणे निरोप धाडते. चित्रात शब्द आयते आलेले असतात. बोलून टाइप करायचं तिला माहीत आहे, पण घरात सगळे झोपलेले असताना ती मोठ्याने बोलत नाही.

मग ती पाठवते कशी? व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती जगभर लागू केली. अफवांना आवर घालण्यासाठी ते केलं होतं. आत्याने आपले १४ जण पाच, पाच आणि चार असे तीन फेऱ्यांत बसवले. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक बंधन आलं: ज्या चित्रावर दुहेरी बाण असतो, म्हणजे जे पुष्कळदा पुढे ढकललं गेलं आहे, ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतं. फुलांवर हा बाण हमखास असतो. मग मैत्रिणीने तिला युक्ती दाखवली: चित्र गॅलरीत घ्यायचं आणि तिथून नवं म्हणून पाठवायचं. बाण जातो, एकाच ठिकाणी पाठवण्याचं बंधनही जातं.

या युक्तीचा एक परिणाम डोळ्यांनी दिसतो. नुसतं फॉरवर्ड केलं तर चित्र आहे तसं पुढे जातं. गॅलरीतून पुन्हा पाठवलं, की ते प्रत्येक वेळी नव्याने दाबून लहान केलं जातं. अशा पंधरा-वीस हातांतून गेलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा चौकोनी होतात, लाल रंगावर करडे डाग येतात, अक्षरांभोवती धुरकट कड दिसते. कुणी मध्येच स्क्रीनशॉट घेतलेला असतो, मग वरच्या काठाला कुणातरी अनोळखी माणसाची १७ टक्के उरलेली बॅटरी दिसते. आत्याच्या फोनमधल्या एका जास्वंदीवर तीन वेगवेगळ्या अ‍ॅपचे शिक्के एकमेकांवर चढले होते आणि ‘शुभ’मधला ‘शु’ अर्धा कापला गेला होता. पोरांना ज्या चित्राचं हसू येतं ते हे असतं. मूळ चित्र कुणीतरी नीटच काढलेलं असतं. हातोहात फिरून ते झिजतं.

आणि जागा? एक्स्पोर्टमध्ये दिसली नव्हती ती गोष्ट इथे दिसली. प्रत्येक फुलाच्या दोन-तीन प्रती साठल्या होत्या: आलेली एक, गॅलरीत घेतलेली एक, पाठवलेली एक. `IMG-20230611-WA0004.jpg` अशा नावांच्या हजारो फाइल. एकेक फूल लहान असतं, पण वर्षांच्या सकाळी साठत जातात. ही अडचण तिची एकटीची नाही. जानेवारी २०१८ मध्ये बातमी आली होती, की भारतातले फोन वारंवार का अडतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना मोठ्या प्रमाणावर हीच सकाळची चित्रं सापडली. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते असं त्या वेळी सांगितलं गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फाइल्स गो’ अ‍ॅपमध्ये अशी चित्रं ओळखून एकदम पुसण्याची सोय होती.

जागा करण्यासाठी आत्याने नातीचे लहानपणचे व्हिडिओ पुसले होते. मी विचारलं, ‘फुलं का नाही पुसलीस?’ ती म्हणाली, ‘मी पुसली तर तुमच्याकडचीही जातील ना?’ तसं होत नाही. आपल्या फोनमधली फाइल पुसली तर फक्त आपलीच जाते. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण फुलांबद्दल कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं. आम्ही फक्त एकमेकांत बोलत होतो.

निघताना मी सरळच विचारलं, ‘एवढं सगळं रोज कशासाठी?’ ती म्हणाली, ‘पाठवलं की दोन बरोबरच्या खुणा येतात, मग त्या निळ्या होतात. तेवढ्यावरून कळतं, उठला. तुझे काका सव्वासहाला निळे होतात, तू सातला.’

पोरं का हसतात

पोलिश मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका प्रकारच्या बोलण्याकडे लक्ष वेधलं होतं. ‘काय, बरं आहे ना?’, ‘आज उकडतंय’ अशा बोलण्यात माहिती द्यायची-घ्यायची नसते, माणसं त्यातून नुसता संबंध जिवंत ठेवतात. आत्याचं फूल त्या जातीचं आहे. माझा भाचा ते निरोप म्हणून वाचतो. निरोप म्हणून पाहिलं तर त्यात काहीच नाही: रोज तेच, सगळ्यांना एकच, शब्दही दुसऱ्याचे. त्यामुळे त्याला त्याचा अर्थ ‘हे माझ्यासाठी नाही’ असाच लागतो.

मी त्याच्याशी नंतर बराच वेळ बोलले. त्याच्या पिढीत कष्टाचा पुरावा दिसावा लागतो. मित्राला गमतीचं चित्र पाठवायचं तर ते त्याच मित्राला लागू पडणारं हवं. शोधून पाठवलं तर आपुलकी, सरसकट सगळ्यांना पाठवलं तर कचरा. आत्याचा कष्टही खरा आहे: पहाटे उठणं, निवडणं, तीन फेऱ्या करणं. पण तो चित्रात दिसत नाही. उलट ते झिजलेलं, दुसऱ्याच्या शब्दांचं चित्र कष्ट घेतलेच नाहीत असं सांगतं.

शिवाय अक्षरांची सोनेरी झळाळी, चमचम, एकाच चित्रात चार प्रकारचे टाइप. हे त्यांना ‘मोठ्यांचं’ म्हणून चटकन ओळखू येतं आणि जे ओळखू येतं त्याची नक्कल सोपी असते. असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. तैवानमध्ये अशा चित्रांना ‘वडीलधाऱ्यांची चित्रं’ अशा अर्थाचा शब्दच रुळला आहे आणि तिथलीही तरुण मुलं ती मुद्दाम तशीच बनवून एकमेकांना पाठवतात. थायलंडमध्ये वाराप्रमाणे रंग ठरलेले असतात, सोमवारी पिवळी फुलं, मंगळवारी गुलाबी, आणि ती लाइन या अ‍ॅपवरून पहाटे घरोघर जातात.

थट्टेत आणखी एक गोष्ट आहे. फोनच्या बाबतीत घरात पहिल्यांदाच धाकट्यांना मोठ्यांपेक्षा जास्त कळतं. मोठ्यांच्या बोलण्यावर किंवा वागण्यावर हसायची आमच्या घरात सोय नाही, त्यांच्या फुलावर हसता येतं. भाचा मला म्हणाला, ‘मी आत्याआजीला कधीच हसलो नाही, फुलाला हसलो.’ तो खरं बोलत होता. पण ते चित्र पाहताना आत्याला फूल आणि आपण वेगळे कसे करायचे हे कळायला मार्ग नव्हता.

कोणते पर्याय होते

फॉरवर्डवर बंदी हा पहिला पर्याय मी त्या दुपारनंतर सोडून दिला. बंदीने सकाळच्या हाकेचा प्रश्न सुटत नव्हता आणि रात्रीची स्टिकर तशीच राहणार होती.

ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, ही सेटिंगची सोय आहे. पण मग काकूने वेळ बदलल्याचं आधी मला कळवायचं आणि मी ते टाकायचं. त्या रात्री मी लवकरच झोपले होते, म्हणजे निरोप अडलाच असता.

सात दिवसांनी आपोआप पुसले जाणारे निरोप हा पर्याय चुलतभावाने मांडला. त्यात दोन अडचणी निघाल्या. फोनमध्ये आपोआप उतरलेली चित्रं त्याने जात नाहीत, म्हणजे आत्याची जागा सुटत नाही. आणि पत्ते, तारखा, औषधांची नावं अशी नंतर शोधावी लागणारी माहिती मात्र जाते.

भाच्याने स्टेटस सुचवलं. आत्याने फूल स्टेटसला लावावं, ज्याला बघायचं तो बघेल. मला ते पटलं होतं. आत्या म्हणाली, ‘स्टेटस म्हणजे पाटीवर लिहून ठेवल्यासारखं झालं. मी हाक मारते.’

शेवटी दोन ग्रुप करण्यावर आम्ही आलो. इथे मी जवळजवळ मोठी चूक करणार होते. माझा पहिला बेत असा, की मुख्य ग्रुप कामाचा ठेवायचा आणि ‘शुभ सकाळ’ नावाचा नवा ग्रुप काढून फुलं तिकडे हलवायची. व्यवस्थेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच वाटत होतं. मी काकूला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे आम्हाला वेगळं बसवलंत.’ त्या एका वाक्यावर मी बेत उलटा केला.

काय केलं

जुना ग्रुप होता तसा ठेवला, जुन्या नावासह, जुन्या फोटोंसह, फुलांना मोकळा. कामाचा ग्रुप नवा काढला आणि त्याच्या वर्णनात एकच ओळ लिहिली: ‘ज्यावर कुणीतरी काहीतरी करायचं आहे, तेवढंच इथे.’ नव्या ग्रुपला कुणीही म्यूट करायचं नाही, असं प्रत्येकाला फोन करून सांगितलं. ग्रुपवर सूचना टाकली नाही, कारण म्यूट केलेल्यांना ती दिसलीच नसती. तातडीचं असेल तर निरोपावर न थांबता फोनच करायचा, हेही ठरलं.

आत्याच्या आणि काकांच्या फोनची साफसफाई मी आणि भाच्याने मिळून केली. पहिल्या प्रयत्नात आम्ही फक्त `Media visibility` बंद केलं. गॅलरी स्वच्छ दिसू लागली, आम्ही खूश झालो, आणि चार दिवसांनी पुन्हा जागा संपली. त्या सेटिंगने नवी चित्रं गॅलरीत दिसायची थांबतात, फोनमध्ये उतरायची थांबत नाहीत. खरा उपाय `Media auto-download` बंद करण्यात होता. आता चित्र धूसर दिसतं आणि बोट लावलं तरच उतरतं. जुना साठा काढायला `Manage storage` मध्ये पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टींचा वेगळा कप्पा असतो. तिथली फुलं आम्ही आत्याला शेजारी बसवून पुसली, एकेक दाखवत. तिने सहा ठेवली. गॅलरीतून पाठवलेली फुलं मात्र या कप्प्यात येत नाहीत, कारण त्यांवर बाणच नसतो. ती हाताने शोधावी लागली आणि त्यातच संध्याकाळ गेली.

त्या वेळी भाचा तिच्याशी चित्राबद्दल बोलला. मी स्वयंपाकघरात होते, मला सगळं ऐकू आलं नाही. एवढं ऐकलं की त्याने ‘चुकून’ हा शब्द वापरला नाही. ‘ते मी बनवलं होतं’ असं म्हणाला.

काय झालं

१९ दिवसांनी सहा वाजून आठ मिनिटांनी आत्याचं फूल आलं. काकांनी पंधरा मिनिटांत त्यांचं पाठवलं. पूर्वी सात जण पाठवायचे, आता चार-पाच जण पाठवतात. एका वहिनीने पुन्हा सुरुवात केली नाही आणि मी विचारलंही नाही.

भाच्याने एक प्रयोग करून पाहिला. आत्याच्या खिडकीतल्या कुंडीतल्या फुलाचा फोटो स्वतः काढून पाठवायला तिला शिकवलं. आम्हा सगळ्यांना वाटलं हाच तोडगा: तिचं स्वतःचं फूल, दुसऱ्याचे शब्द नाहीत, थट्टेला जागा नाही. तिने चार दिवस पाठवलं आणि सोडून दिलं. त्या फोटोंवर लोक बोलायला लागले होते. ‘छान आहे’, ‘कुठलं रोप?’, ‘उजेड कमी पडला.’ तिला उत्तरं द्यावी लागत होती. पाचव्या दिवशी ती पुन्हा सोनेरी अक्षरांच्या गुलाबावर आली. त्यावर कुणाला काही बोलावं लागत नाही, हाच त्या गुलाबाचा उपयोग आहे, हे आम्हाला तोवर लक्षात आलं नव्हतं.

नवा ग्रुप चालतो आहे. महिन्यातून आठ-दहा निरोप येतात आणि ते वाचले जातात. दोनदा काकांनी तिथे कमळ टाकलं. दोन्ही वेळा मी त्यांना फोन केला, त्यांनी ते स्वतः काढलं. चुलतभावाने जुना ग्रुप अजून म्यूटच ठेवला आहे. भावंडांच्या ग्रुपवर फुलांची थट्टा थांबलेली नाही. आत्याच्या फुलाची मात्र कुणी करत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मोजणीचा खरा आकडा मी त्याच रात्री सांगायला हवा होता. आमची नऊ स्टिकर पुढे आली असती तर ‘फुलं विरुद्ध काम’ असं भांडणाला रूपच आलं नसतं, आणि भाच्याला ते चित्र सुचलं असतं का, याचीही मला शंका आहे.

चित्र चुकून आल्यावर त्याच सकाळी आत्याला फोन जायला हवा होता. मी बारा दिवस थांबले, कारण मला वाटलं विषय आपोआप विरून जाईल. ग्रुपवरचं ‘सॉरी’ ३४ जणांसमोर असतं. त्यावर रागावता येत नाही आणि ‘असू दे’ म्हणण्यावाचून काही उरत नाही. आत्याने तेही म्हटलं नाही, त्यावरून मला कळायला हवं होतं.

फोनची साफसफाई तर याच्याशी जोडायचीच नव्हती. जागा संपते हे काकांच्या तपासणीच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. नातीचे व्हिडिओ परत मिळाले नाहीत. ते ज्या फोनवरून आले होते तो फोनही आता नाही.

एका प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. भावंडांचा वेगळा ग्रुप आहे हे आता सगळ्या मोठ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. तो बंद करावा असं मला वाटत नाही, मोठ्यांना त्यात घ्यावं असंही वाटत नाही. आत्याने एकदाच विचारलं, ‘त्या तुमच्या ग्रुपात कोण कोण आहे?’ मी नावं सांगितली. माझ्या सगळ्यांत अबोल मावसभावाच्या नावावर ती थांबली. तो मुख्य ग्रुपवर कधी एक अक्षर लिहीत नाही.

‘तो बोलतो का तिथे?’

‘बोलतो. पुष्कळ बोलतो.’

‘बरं,’ आत्या म्हणाली, आणि उद्यासाठी फूल निवडायला लागली.